गेन वाढवला, तरी तापमान सेटपॉइंटला का बसलं नाही?

डेअरीतल्या पाश्चरायझरवर काम करणाऱ्या एका ज्युनियर इंजिनियरच्या प्रश्नाला मी लिहिलेलं हे उत्तर आहे. गेन, लूप, हंटिंग हे शब्द कारखान्यात रोज कानावर पडतात, पण "गेन जास्त झाला म्हणून हंट करतंय" याच्या पुढे कोणी काही सांगत नाही. म्हणून उत्तर जरा पसरट लिहिलं. लूप म्हणजे मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची फिरती साखळी, आणि हंटिंग म्हणजे तिचं सतत वरखाली झुलत राहणं. इन्स्ट्रुमेंटेशन न शिकलेल्यालाही ते समजायला हरकत नाही.

## तू काय केलंस आणि काय झालं

तुझा ट्रेंड पाहिला. आधी तुझीच गोष्ट तुला परत सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल.

दुधाऐवजी पाणी फिरवून ट्रायल चालली होती. कंट्रोलर स्टीम व्हॉल्व्ह उघडतो, स्टीमने गरम पाण्याचं सर्किट तापतं, ते पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये दूध तापवतं आणि एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसवलेला आरटीडी तापमान मोजून कंट्रोलरला कळवतो. त्यापुढे होल्डिंग ट्यूब आहे. तिच्यात दूध किमान १५ सेकंद ७२ अंशांवर राहायला हवं. ७२ च्या खाली गेलं की फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह, म्हणजे एफडीव्ही, ते परत बॅलन्स टँककडे वळवतो. सेटपॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, तू ७६ ठेवला होतास.

इंटिग्रल बंद होतं, त्याचं काम पुढे सांगतो. चालू होतं फक्त प्रपोर्शनल, म्हणजे फरकाच्या प्रमाणात व्हॉल्व्ह हलवणारं. म्हणजे कंट्रोलर एवढंच करत होता:

```
व्हॉल्व्ह % = बायस + गेन × (सेटपॉइंट − तापमान)
```

बायस, म्हणजे फरक शून्य असतानाची व्हॉल्व्हची उघडीप, ४० टक्के होता. गेन म्हणजे १ अंश फरकामागे व्हॉल्व्ह किती टक्के हलवायचा तो आकडा. गेन २ असताना तापमान ७४.५ वर स्थिरावलं, म्हणजे दीड अंश कमी. कंट्रोलर जागचा हलत नाही आणि फरकही जात नाही, अशा या कायमच्या फरकाला ऑफसेट म्हणतात. गेन ४ केलास तर ७५ च्या थोडं वर आलं. मध्ये दोन-तीन हेलकावे दिसले, पण ते विरले. ६ वर तापमान ७५.३ च्या आसपास फिरत राहिलं आणि हेलकावे विरायला बराच वेळ लागला. तू लिहितोस, "सर, दिशा बरोबर होती, म्हणून ८ केला." चार-पाच मिनिटांत तापमान ७२ ते ७९ असं वरखाली होऊ लागलं, व्हॉल्व्ह १६ ते ७२ टक्क्यांमध्ये फिरू लागला, एफडीव्ही वळू लागला आणि तू लूप मॅन्युअलला घेतलास. ते बरोबर केलंस.

तुझा प्रश्न असा: पुस्तकातलं सूत्र सांगतं की गेन वाढवला की ऑफसेट कमी होतो. ६ पर्यंत सूत्र खरं आणि ८ ला खोटं, असं कसं?

## सूत्र खरंच आहे, पण ते शांत लूपचं आहे

बायसच्या ४० टक्के व्हॉल्व्हवर तापमान ७२ ला बसत होतं. ७६ साठी ४५ टक्के लागतात, ते पुढे दिसेलच. ही वाढीव ५ टक्के उघडीप कंट्रोलरला कुठून मिळणार? सूत्रात फरकाशिवाय दुसरं काही नाही. फरक शून्य झाला की व्हॉल्व्ह पुन्हा ४० वर. म्हणजे व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा ठेवायचा तर थोडा फरक शिल्लक राहायलाच हवा. ऑफसेट तिथूनच येतो.

गेन वाढवला की तेवढाच व्हॉल्व्ह कमी फरकात उघडा राहतो. तुझ्या प्लँटमध्ये १ टक्का व्हॉल्व्हमागे तापमान ०.८ अंश हलतं, म्हणून ऑफसेट येतो ४ भागिले (१ + ०.८ × गेन). गेन २ ला दीड अंश, ४ ला जवळपास एक, ६ ला ०.७, ८ ला ०.५४. तुझे सगळे आकडे या सूत्राशी जुळतात. ८ चासुद्धा जुळतो: ७२ आणि ७९ चा मध्य काढ, ७५.५ येतो. सूत्राने सांगितलेल्या जागेभोवतीच तुझा लूप झुलत होता.

फक्त या सूत्रात वेळ कुठेच नाही. लूप शांत झाल्यावर कुठे बसेल, एवढंच ते सांगतं. लूप शांत होईल की नाही हे त्याला विचारलेलंच नाही. तो हिशेब वेगळा आहे आणि त्याला सेकंद लागतात.

## तुझ्या लूपचे तीन आकडे

ते सेकंद तुझ्याच बम्प टेस्टमध्ये आहेत. लूप मॅन्युअलवर ठेवून तू व्हॉल्व्ह ४० वरून ४५ वर नेलास आणि वाट पाहिलीस. पहिले १२ सेकंद तापमान हललंच नाही. मग चढू लागलं, आधी भरभर, नंतर हळूहळू, आणि ७६ ला जाऊन थांबलं.

५ टक्क्यांना ४ अंश, म्हणजे १ टक्क्याला ०.८ अंश. हा प्रक्रियेचा स्वतःचा गेन.

सुरुवातीचे १२ सेकंद हा डेड टाइम. व्हॉल्व्ह हलला आहे, पण आरटीडीला अजून पत्ताच नाही असा काळ. तापलेलं पाणी पाइपातून प्लेट्सपर्यंत यायचं, प्लेट्समधून उष्णता दुधात जायची, ते दूध आरटीडीपर्यंत पोचायचं आणि थर्मोवेलचा, म्हणजे आरटीडी ज्या नळीत बसतो तिचा, धातू तापायचा, या सगळ्याची ती बेरीज आहे.

तिसरा आकडा लॅग. तापमान हलू लागल्यापासून एकूण बदलाच्या ६३ टक्के, म्हणजे अडीच अंश, व्हायला ४० सेकंद लागले. सर्किटमधलं पाणी, प्लेट्स, सगळा ऐवज तापायला वेळ घेतो, त्याचं हे माप.

डेड टाइम आणि लॅग दोन्ही उशीर करतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा. लॅग उशीर करतो आणि सोबत घाईचे बदल दाबतोही. व्हॉल्व्ह भराभर आतबाहेर केलास तर त्या मोठ्या ऐवजाचं तापमान फारसं हलणार नाही. डेड टाइम काहीच दाबत नाही. आत गेलेलं जसंच्या तसं, फक्त १२ सेकंदांनी बाहेर येतं. लूपला खरा त्रास या दुसऱ्याचा.

## दुरुस्ती उशिरा पोचते तेव्हा

आता तापमान हळूहळू वरखाली होतंय असं धर. ते वर गेलं की कंट्रोलर लगेच व्हॉल्व्ह कमी करतो. कंट्रोलर उशीर करत नाही. त्याच्या कृतीचा परिणाम मात्र उशिरा दिसतो.

लाट खूप संथ असेल, दहा मिनिटांची म्हण, तर काही सेकंदांच्या उशिराने बिघडत नाही. तापमान अजून वरच असताना दुरुस्ती पोचते आणि त्याला खाली आणते. लाट जसजशी लवकर उलटणारी घ्यावी, तसतसा तोच उशीर लाटेचा मोठा भाग व्यापू लागतो. एका ठरावीक वेगाला तो बरोबर अर्ध्या लाटेएवढा होतो.

तुझ्या आकड्यांवरून तो वेग काढला तर एक लाट ४३ सेकंदांची येते. त्या लाटेला डेड टाइम १२ सेकंद मागे ढकलतो आणि लॅग साधारण साडेनऊ सेकंद. मिळून साडेएकवीस, म्हणजे ४३ चे बरोबर निम्मे. तापमान शिखरावर असताना कंट्रोलरने व्हॉल्व्ह सर्वांत कमी केला, पण त्याचा परिणाम आरटीडीपाशी उमटला तो तापमान आपल्या आपण तळाला पोचलेलं असताना. शिखर खाली आणण्यासाठी निघालेली दुरुस्ती तळ आणखी खोल करते. मग कंट्रोलर घाबरून व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाढीव उष्णता पुढच्या शिखरावर जाऊन बसते.

झोपाळा थांबवायचा तर तो आपल्याकडे येत असताना हात आडवा लावतात. तेवढाच जोर अर्धा झोका उशिरा लावला, तो लांब जात असताना, तर झोपाळा थांबत नाही, उंच जातो. जोर तोच आणि दिशाही तीच असते, चुकलेली असते फक्त वेळ. तुझ्या लूपमध्ये ४३ सेकंदांच्या लाटेला कंट्रोलर नेमका असाच हात लावत होता.

ट्रेंडवर दोन शिखरांमधलं अंतर मोज. ४३ च्या जवळच येईल.

## मग २ आणि ४ वर हे का झालं नाही?

वेळ तेव्हाही चुकलेलीच होती. उशीर गेनवर अवलंबून नसतो, तो पाइप आणि प्लेट्सचा गुण आहे. गेनने फक्त चुकीच्या वेळी लागणाऱ्या हाताचा जोर ठरतो.

४३ सेकंदांच्या लाटेचा एक फेरा मोजू. इथे लॅग उपयोगी पडतो. इतक्या वेगाने व्हॉल्व्ह हलवला तर संथ हालचालीच्या मानाने तापमान जेमतेम सहाव्या भागाएवढंच हलतं. १ टक्क्याला ०.८ ऐवजी सुमारे ०.१३६ अंश. आता आरटीडीवर १ अंशाची लाट आहे असं समज. गेन ४ असेल तर व्हॉल्व्ह ४ टक्के हलतो आणि फेरा संपवून ०.५४ अंशाची लाट परत येते. मूळ लाटेपेक्षा लहान, म्हणून पुढच्या फेऱ्यात आणखी लहान, आणि विरून जाते. गेन ६ ला ०.८२ परत येते. तीही विरते, पण रेंगाळत. तुला ६ वर जे दिसलं ते हेच.

गेन ७.३५ च्या आसपास १ अंशाची लाट १ अंशाचीच होऊन परत येते. ना वाढते, ना विरते. हा या लूपचा अंतिम गेन. ८ वर ती १ पेक्षा थोडी मोठी होऊन येते, आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा साधारण पाव पट मोठी होत जाते. सुरुवातीला अर्धा-एक अंश वाटणारा हेलकावा काही मिनिटांत सात अंशांचा झाला, त्यात नवल नाही. तू मॅन्युअलला घेतलं नसतंस तर व्हॉल्व्ह शेवटी पूर्ण बंद होण्यापर्यंत पोचला असता आणि त्याच मर्यादेने लाट अडली असती.

सूत्र ६ ला खरं आणि ८ ला खोटं झालं असं तुला वाटलं, त्याचं उत्तर हे. तुझ्या दोन गोष्टी एकाच गेनवर टांगलेल्या होत्या. संथ बदलांसाठी गेन जितका मोठा तितका ऑफसेट कमी. पण तोच गेन ४३ सेकंदांच्या लाटेलाही लागतो आणि तिथे त्याला ७.३५ ची भिंत आहे. बाहेरून कोणी ही लाट पाठवावी लागत नाही. स्टीमच्या दाबातला किरकोळ बदल किंवा तू सेटपॉइंट हलवल्याचा धक्का पुरतो. धक्क्यात सगळ्या वेगांचं थोडं थोडं असतं. संथ भाग कंट्रोलर सांभाळतो, फार जलद भाग पाण्याच्या ऐवजात बुडून जातो, मधला हाच तेवढा पुन्हा पुन्हा परतून येतो.

हा शोध नवा नाही. वाफेच्या इंजिनांचे गव्हर्नर का झुलतात, याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं होतं. लाट एका फेऱ्यात किती मोठी होऊन परत येते, असा विचार करायची पद्धत हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये टेलिफोनच्या अॅम्प्लिफायरसाठी दिली. आपण वापरतोय ती हीच.

## "पण ऑप-अँपचा गेन तर लाखांत असतो"

हा प्रश्न तू विचारशीलच, कारण कॉलेजात ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, शिकवताना गेन जितका जास्त तितकं बरं असंच सांगतात. आणि तिथे ते खरं आहे.

७४१ नावाचा ऑप-अँप घे. त्याच्या आत ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर मुद्दाम घातलेला आहे. त्यामुळे लाखांचा तो गेन फक्त अगदी संथ सिग्नलला मिळतो. काही हर्ट्झपासूनच तो उतरू लागतो आणि १ मेगाहर्ट्झच्या आसपास १ वर येतो. सिग्नल इतका जलद होण्याआधी की उशीर अर्ध्या लाटेएवढा व्हावा, गेन १ च्या खाली गेलेला असतो. म्हणजे नियम तिथेही हाच आहे. फक्त चिप बनवणाऱ्याने तो आधीच पाळून ठेवला आहे.

म्हणून "गेन ८" हा आकडा नुसता पाहून मोठा की लहान हे सांगता येत नाही. लेव्हलच्या एखाद्या लूपवर ८ आरामात चालेल, आणि जिथे जवळपास सगळा उशीर डेड टाइमचाच आहे, अशा लूपवर प्रक्रियेचा आणि कंट्रोलरचा गेन मिळून १ च्या पुढे गेला की लूप झुलेल. तुझ्याकडे लॅग डेड टाइमच्या तिप्पट आहे, म्हणून ती मर्यादा १ ऐवजी ५.९ पर्यंत गेली. त्याला ०.८ ने भागलं की ७.३५ येतात.

युनिटचंही एक सांगून ठेवतो. आरटीडीची रेंज ० ते १०० आहे, त्यामुळे तुझ्याकडे १ अंश म्हणजे १ टक्का. दुसऱ्या स्किडवर रेंज ० ते १५० असेल तर हाच गेन तसाच टाकू नकोस. आणि काही जुन्या कंट्रोलरवर गेनऐवजी प्रपोर्शनल बँड असतो, म्हणजे १०० भागिले गेन. तिथे आकडा वाढवला की गेन कमी होतो. ऑपरेटर याच्यात हमखास फसतात.

## मग ऑफसेट घालवायचा कसा?

ऑफसेट यायचं कारण व्हॉल्व्हला लागणारे ते वाढीव ५ टक्के. ते गेनकडून मागू नकोस. बायस ४५ केलास तर गेन २ वरही तापमान बरोबर ७६ ला बसेल. पण उद्या येणारं दूध दोन अंश थंड असलं की बायस पुन्हा चुकणार, आणि दर वेळी हाताने तो बदलत कोण बसणार? इंटिग्रल नेमकं हेच काम करतं. फरक शिल्लक आहे तोवर ते बायस हळूहळू सरकवत राहतं आणि फरक शून्य झाला की थांबतं. जुने लोक त्याला रिसेट म्हणतात ते यामुळेच.

आकडे किती घालायचे? झिगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेला नियम सांगतो की अंतिम गेनच्या ०.४५ पट गेन आणि लाटेच्या काळाला १.२ ने भागून इंटिग्रल टाइम. तुझ्यासाठी गेन ३.३ आणि ३६ सेकंद. चालेल, पण त्यात हेलकावे बऱ्यापैकी राहतात. पाश्चरायझरवर मला ते नको. मी वापरतो तो हिशेब असा:

```
गेन = लॅग ÷ (प्रक्रियेचा गेन × 2 × डेड टाइम)
इंटिग्रल टाइम = लॅग
```

म्हणजे ४० भागिले १९.२, येतात २.१. इंटिग्रल टाइम ४० सेकंद. तू सुरुवात केली होतीस ती २ वरूनच. गेन कमी नव्हताच, इंटिग्रल नव्हतं.

या आकड्यांवर लूपचा गेन आणखी तिपटीने वाढला तरच तो झुलू लागेल. तिप्पट मोकळीक उगाच ठेवलेली नाही, तिचं कारण पुढे देतो. इंटिग्रल मिळालं म्हणून त्याचाही वेग वाढवू नकोस. तेही मागचा फरक साठवून चालतं, म्हणजे उशिरात भरच घालतं. इंटिग्रल टाइम ५ सेकंद केलास तर गेन २ वरही लूप झुलेल.

डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे फरक किती वेगाने बदलतोय ते पाहून आधीच दुरुस्ती करणाऱ्या भागाचं, विचारशील. लॅगमुळे झालेला उशीर त्याने थोडा भरून काढता येतो. डेड टाइमच्या काळात मात्र आरटीडीला काही दिसतच नाही, तर डेरिव्हेटिव्ह अंदाज कशावरून बांधणार? शिवाय सिग्नलमधली थरथर ते फुगवतं. या लूपवर मी ते शून्य ठेवेन.

## "आरटीडी होल्डिंग ट्यूबच्या शेवटी घेऊ का?"

हे तू फोनवर विचारलं होतंस. ७२ अंशांचा नियम होल्डिंग ट्यूबच्या शेवटाला लागू आहे, तर तिथलंच तापमान कंट्रोल करावं, हे ऐकायला पटतं. एफडीव्हीसाठीचं मोजमाप तिथेच हवं. कंट्रोलसाठी मात्र नको.

आरटीडी तिकडे नेलास तर डेड टाइममध्ये होल्डिंगचे किमान १५ सेकंद मिळवावे लागतील. १२ चे २७ होतील. पुन्हा हिशेब केला तर अंतिम गेन ७.३५ वरून सुमारे ३.७ वर येतो आणि लाटेचा काळ ४३ वरून ८९ सेकंदांवर जातो. मोकळीक निम्मी आणि सुधारणेला लागणारा वेळ दुप्पट. बाहेरचं काही बिघडलं तर लूपला ते २७ सेकंद कळणारही नाही.

उलट दिशेने विचार कर. तुला खरोखर जास्त गेन हवा असेल तर डेड टाइम कापायला हवा. आरटीडी एक्स्चेंजरच्या आउटलेटच्या आणखी जवळ आणता येईल. थर्मोवेल जाड असेल आणि आरटीडी आत सैल बसला असेल, तर मधल्या हवेच्या पोकळीमुळेच काही सेकंद जातात. तो तळाला टेकलेला आहे का ते पाहा. असे चार सेकंद वाचले तर ट्यूनिंगमध्ये दिवस घालवून मिळणार नाही एवढा फायदा होतो.

## तिप्पट मोकळीक कशासाठी?

कारण बम्प टेस्टचे तीन आकडे त्या दिवसाचे, त्या फ्लोचे आहेत. फ्लो कमी केला की प्लँट बदलतो. तेवढीच स्टीम कमी दुधात गेली तर ते जास्त तापतं, म्हणजे प्रक्रियेचा गेन वाढतो. दूध सावकाश सरकतं, म्हणजे डेड टाइमही वाढतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी भिंतीकडे ढकलतात. पूर्ण फ्लोवर गेन ६ "चालतो" म्हणून ठेवलास तर कमी फ्लोच्या पहिल्याच बॅचला रात्री फोन येईल.

व्हॉल्व्हचाही विचार आहेच. आरटीडीच्या सिग्नलमध्ये ०.२ अंशाची थरथर असली आणि गेन ८ असला तर व्हॉल्व्ह विनाकारण १.६ टक्के थरथरत राहतो आणि ग्लँड पॅकिंग झिजतं. गेन २ ला ती थरथर ०.४ टक्के होते, ती बहुधा पोझिशनरच्या डेडबँडमध्येच विरते.

आणि अचूकता हा शब्द तू वापरलास, तेव्हा एक फरक लक्षात ठेव. आरटीडी अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर लूप कितीही चांगला असो, दूध अर्धा अंश कमीच तापेल, आणि स्क्रीनवर मात्र ७६.० दिसेल. ती चूक कॅलिब्रेशननेच निघते, गेन किंवा इंटिग्रलने नाही.

## प्रत्येक हंटिंग गेनचं नसतं

पुढच्या वेळी लूप झुलताना दिसला तर लगेच गेनला हात लावू नकोस. आधी मॅन्युअलला घे. लाट तरीही चालू राहिली तर ती बाहेरून येतेय, बहुतेक वेळा स्टीम हेडरच्या दाबातून, कारण तिकडचा प्रेशर लूपही झुलत असू शकतो. तुझा गेन कमी करून ती जाणार नाही.

मॅन्युअलला लाट थांबली तर तिचा काळ मोज. डेड टाइमच्या तिप्पट-चौपट असेल, जशी तुझी ४३ सेकंदांची, तर गेन जास्त आहे. त्याहून बरीच लांब असेल तर बहुधा इंटिग्रल घाई करतंय.

व्हॉल्व्ह चिकटत असेल तर चित्र वेगळं असतं. इंटिग्रलमुळे आउटपुट सावकाश चढत राहतो आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. मग एकदम सुटतो आणि गरजेपेक्षा पुढे जातो. आउटपुटची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते आणि गेन कमी केला की लाट जात नाही, फक्त तिचा काळ लांबतो. असं दिसलं तर ट्यूनिंग सोड आणि मेंटेनन्सवाल्याला बोलव.

उद्याच्या ट्रायलला पाण्यावरच गेन २.१, इंटिग्रल ४० सेकंद आणि डेरिव्हेटिव्ह शून्य घाल. लूप स्थिर झाल्यावर सेटपॉइंट ७६ वरून ७७ कर. तापमान बारा सेकंद गप्प राहील, मग चढेल, ७७ च्या किंचित वर जाऊन तीन-चार मिनिटांत बसेल. मग फ्लो शक्य तेवढा कमी करून हेच पुन्हा कर आणि दोन्ही ट्रेंड पाठव. कमी फ्लोवर दोनपेक्षा जास्त हेलकावे दिसले तर गेन १.५ वर आणू, इंटिग्रलला मात्र हात लावायचा नाही.